अभ्यासाच्या सादरीकरणात रुग्णाची संमती कुठपर्यंत पुरते?

निवासी डॉक्टर (प्रश्न)

एका विरळ त्वचाविकाराच्या ३८ रुग्णांचा अभ्यास परिषदेत मांडायचा आहे. सहा महिन्यांपूर्वी ३७ रुग्णांचे अंतरिम निष्कर्ष मांडले होते. नैतिकता समितीची मान्यता आहे आणि "निष्कर्ष नाव न देता प्रसिद्ध होऊ शकतील" या संमतीपत्रावर सर्वांच्या सह्या आहेत. स्लाइडांवर एक तक्ता, एक आलेख आणि एका रुग्णाच्या चेहऱ्याचे, डोळ्यांवर काळी पट्टी लावलेले छायाचित्र आहे. व्याख्यानाचे चित्रीकरण नंतर सर्वांसाठी खुले राहील. पुन्हा संमती घ्यावी लागेल का?

निवृत्त प्राध्यापक

माझ्या मते गरज नाही. रुग्णांनी ज्या वाक्यावर सही केली त्यात प्रसिद्धीचा उल्लेख आहे, आणि परिषदेतील सादरीकरण हा प्रसिद्धीचाच प्रकार आहे. प्रत्येक व्याख्यानासाठी रुग्णांकडे पुन्हा जायचे ठरवले, तर निम्मे लोक गाव किंवा फोन क्रमांक बदलल्यामुळे सापडणार नाहीत आणि अभ्यास कपाटातच राहील. नावे काढलेली आहेत, डोळे झाकलेले आहेत. आम्ही आयुष्यभर हीच पद्धत पाळली.

डेटा व्यवस्थापक

एकत्रित आकड्यांपुरते प्राध्यापकांचे म्हणणे मला मान्य आहे. छायाचित्राबाबत मात्र अजिबात नाही. त्या वाक्यात "निष्कर्ष" आहे, आणि एका माणसाचा चेहरा हा निष्कर्ष नव्हे. डोळ्यांवरची पट्टी ओळख लपवायला अपुरी असते, हे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही आपल्या शिफारशींत स्पष्ट म्हटले आहे. त्या रुग्णाची वेगळी लेखी संमती घ्यावी, तीत खुल्या चित्रीकरणाचा उल्लेख असावा, आणि प्रत्यक्ष स्लाइड त्याला दाखवूनच सही घ्यावी.

आकड्यांचा धोका अधिक लपलेला असतो. समजा, अंतरिम तक्त्यात फुप्फुसाची गुंतागुंत ३ जणांना होती आणि आता ती ४ जणांना आहे. दोन्ही स्लाइडा शेजारी ठेवल्या की मधल्या काळात दाखल झालेल्या एकमेव रुग्णाला ती गुंतागुंत आहे, हे कोणालाही कळते (जुन्या ३७ जणांच्या नोंदी बदलल्या नसतील, तर). सरासरी वय ४१.० वरून ४१.५ झाले असेल, तर ३८ गुणिले ४१.५ म्हणजे १५७७ मधून ३७ गुणिले ४१ म्हणजे १५१७ वजा केले की ६० उरतात. दशांशाच्या पूर्णांकनामुळे तीनचार वर्षे इकडेतिकडे होतील, पण साठीच्या आसपासचा, नुकताच दाखल झालेला, फुप्फुसाची गुंतागुंत असलेला रुग्ण कोण, हे त्या विभागात काम करणाऱ्या कोणालाही सांगता येईल. शेजाऱ्यालाही, जर तो रुग्णासोबत तपासणीला आला असेल.

सहभागी रुग्णाचा भाऊ

माझा भाऊ अशाच एका अभ्यासात होता. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी त्याच्यापुढे चारपाच कागद ठेवले गेले आणि त्याने सगळ्यांवर सह्या केल्या. पुढे एका चित्रफितीत आमच्या चुलतबहिणीने त्याला ओळखले; डोळ्यांवर पट्टी होती, पण कानाजवळचा व्रण आणि तुटलेली पाळी उघडी होती. त्याचा राग अभ्यासावर नव्हता. घरातील कोणालाही न सांगितलेला आजार नातेवाइकांपर्यंत त्याच्या आधी पोहोचला, याचे त्याला फार वाईट वाटले. म्हणून मला वाटते की रुग्णांची माहिती डॉक्टरांनी परिषदेत मांडूच नये आणि अभ्यास संपताच नष्ट करावी.

शल्यचिकित्सक

तुमच्या भावाच्या बाबतीत जे झाले ते चुकीचेच होते, आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी घेतलेल्या सहीला संमती म्हणायलाही मी तयार नाही. पण माहिती लगेच नष्ट केली, तर निष्कर्षावर शंका आल्यावर तो तपासणार कसा? म्हणूनच मूळ नोंदी ठरलेल्या मुदतीपर्यंत जपाव्या लागतात.

माझा आक्षेप डेटा व्यवस्थापकांच्या दिशेला आहे. ओळख पटू नये म्हणून तक्त्यातले पाचपेक्षा लहान आकडे झाकण्याची पद्धत मोठ्या नोंदवह्यांसाठी ठीक आहे. ३८ रुग्णांच्या तक्त्यात ती लावली तर जवळजवळ सगळी घरे रिकामी होतील. उतारवयातील पुरुषांत फुप्फुसाची गुंतागुंत लवकर दिसते, हे त्या तक्त्यातून दिसत असेल, तर ते झाकल्याची किंमत पुढचा रुग्ण मोजतो. विरळ आजारात चार रुग्ण ही थोडीथोडकी माहिती नसते.

डेटा व्यवस्थापक

हा आक्षेप खरा आहे. केवळ एक घर झाकणे तर निरुपयोगीच असते, कारण ओळीच्या बेरजेतून तो आकडा लगेच परत मिळतो. त्यासाठी दुसरे घरही झाकावे लागते आणि तक्ता आणखी ओस पडतो. त्याऐवजी मी वयाचे दोनच गट ठेवीन, गुंतागुंतीची एकूण संख्या देईन आणि वय व लिंग यांच्याशी तिचा संबंध वाक्यात सांगेन. अंतरिम आणि अंतिम आकड्यांत एकाच रुग्णाचा फरक असेल, तर ३७ रुग्णांचेच विश्लेषण मांडावे किंवा आणखी काही रुग्ण येईपर्यंत थांबावे. नेमका तक्ता सभागृहात दाखवून चित्रीकरणातून वगळण्याचाही पर्याय आहे.

शल्यचिकित्सक

सभागृहातील निम्मे श्रोते मोबाइलने स्लाइडांची छायाचित्रे काढतात, त्यामुळे शेवटच्या पर्यायावर माझा विश्वास नाही. ३७ रुग्णांवर थांबण्याची सूचना मात्र मला पटली.

डेटा व्यवस्थापक

छायाचित्रांचे मान्य. प्रश्नकर्त्यांनी आणखी एक गोष्ट आजच तपासावी. एक्सेलमधील आलेख `Embed Workbook` निवडून चिकटवला असेल, तर आलेखामागची संपूर्ण कार्यपुस्तिका, न दिसणाऱ्या पानांसह, सादरीकरणाच्या फाइलमध्ये जाते. आयोजक ती फाइल मागतात आणि पुढे वाटतातही. आलेखावर उजवी कळ दाबून `Edit Data in Excel` उघडले आणि लपवलेली पाने `Unhide` केली की आत काय आहे ते दिसेल. डोळ्यांवरची पट्टी वेगळा आकार म्हणून ठेवलेली असेल, तर ती कोणालाही बाजूला सरकवता येते. आणि कातरलेल्या चित्राचा उरलेला भाग `Delete cropped areas of pictures` निवडेपर्यंत फाइलमध्येच राहतो.

निवासी डॉक्टर

आताच तपासले. आलेखामागे चार पाने निघाली. एकावर रुग्णालयाचे नोंदणी क्रमांक आणि दाखल झाल्याच्या तारखा होत्या. अंतरिम सादरीकरणाची फाइल मी सहा महिन्यांपूर्वी आयोजकांना दिली होती आणि तिच्यातही तोच आलेख होता. हे लिहिताना मला फार अस्वस्थ वाटते आहे.

निवृत्त प्राध्यापक

त्यांना आजच कळवून ती फाइल काढून घ्या आणि सुधारित फाइलमध्ये आलेख चित्र म्हणून चिकटवा. नैतिकता समितीलाही लेखी कळवा. आपणहून कळवलेले बरे. फाइलच्या पोटात अशी माहिती राहते, हे मला माहीत नव्हते, आणि छायाचित्राबाबतचे माझे आधीचे मत मी मागे घेतो. एकत्रित आकड्यांसाठी पुन्हा संमती नको, या मतावर मी ठाम आहे.

निवासी डॉक्टर

दोघांना आजच कळवतो. छायाचित्रातील रुग्ण मात्र दोन महिन्यांपूर्वी वारला. त्याची वेगळी संमती घेतलेली नव्हती. पत्नीची संमती पुरेल का?

सहभागी रुग्णाचा भाऊ

त्याने आजार पत्नीला सांगितला होता का, हे आधी पाहा.

शल्यचिकित्सक

काही समित्या जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती ग्राह्य धरतात, काही चेहरा दाखवूच देत नाहीत. मी त्वचेवरील चट्ट्याचा फक्त जवळून घेतलेला भाग दाखवीन, आणि तोही पत्नीशी बोलून.

डेटा व्यवस्थापक

मी तेही करणार नाही. त्याला विचारण्याची वेळ होती तेव्हा विचारले गेले नाही. दुसऱ्या, हयात रुग्णाला विचारावे किंवा रेखाचित्र वापरावे.