मदत हवी आहे : ‘सामाजिक भांडवला’ची वंशावळ कशी मांडू?

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या दूध संस्थांवर पीएचडी करतोय. सैद्धांतिक चौकटीच्या प्रकरणात मी सरळ लिहून मोकळा झालो : हॅनिफन १९१६, मग बूर्द्यू, कोलमन, पटनम. मार्गदर्शक मॅडमनी नावांना जोडणाऱ्या प्रत्येक बाणावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून पान परत दिलं.

मग मूळ लेखन उघडून संदर्भसूच्या तपासल्या. बूर्द्यूच्या ‘भांडवलाची रूपं’ या लेखात हॅनिफन नाहीच. कोलमन १९९० च्या ग्रंथात या शब्दाचं श्रेय लाऊरीच्या १९७७ च्या लेखनाला देतो. हॅनिफनला पुढे आणतो तो पटनम, २००० साली. म्हणजे माझी साखळी काळाच्या क्रमानं बरोबर, पण कुणी कुणाकडून घेतलं हे ती सांगतच नाही. शिवाय अर्थही वेगळे : बूर्द्यूसाठी ओळखीपाळखी हे वर्चस्व टिकवायचं साधन, पटनमसाठी समाजाला जोडणारा विश्वास. आमच्या गावच्या संस्थेत सचिवाचा पाहुणा असला की फॅट बरी लागते म्हणतात. तिथं मला बूर्द्यूच पटतो.

आता हॅनिफनला ‘शब्दाचा आधीचा वापर’ म्हणून वेगळं ठेवून दोन शाखा दाखवाव्यात, की फक्त बूर्द्यूची शाखा घेऊन पटनमला का सोडलं ते लिहावं? असं प्रकरण कुणी मराठीत लिहिलंय का?