"जास्तीत जास्त k पावलं" म्हणजे मधे k सोडायचे की k व्या आकड्यापर्यंत जायचं?

रामबागकर
मंडळी, एका शब्दावर अडलोय. संध्याकाळी कॉलेजची काही मुलं येतात माझ्याकडे कोडिंग शिकायला, सगळी इंदूरच्याच मराठी घरांतली, म्हणून गणितं मी मराठीत लिहून देतो. परवा हे दिलं: आकड्यांच्या ओळीतून काही आकडे उचला, निदान एक तरी उचलायचाच, क्रम बदलायचा नाही, आणि एका उचललेल्या आकड्यावरून पुढच्यावर जाताना जास्तीत जास्त k पावलं टाकायची, बेरीज मोठ्यात मोठी यायला हवी.
ओळ होती -4, 2, -3, -3, 6, -1 आणि k = 2. अर्ध्या मुलांचं उत्तर 6 आलं, अर्ध्यांचं 8. आठवाले म्हणतात 2 उचलला, मधले दोन -3 सोडले आणि 6 उचलला, मधे दोनच तर सोडले. मूळ गणितात 6 च बरोबर आहे. मग "पावलं" हा शब्द चुकतोय का? काय लिहू?

पलासिया_ताई
अहो आमच्याकडे नळ "एक दिवसाआड" येतो, म्हणजे सोमवारी आला की बुधवारी, मधे एक दिवस कोरडा. कुणी "दोन दिवसांआड" म्हटलं की मी गुरुवार धरते आणि सासूबाई बुधवार धरतात, आणि मग टाकी भरायची राहते! तुमच्या मुलांचं तेच होतंय, एकजण मधले मोजतोय आणि दुसरा पोचायचा दिवस. "आड" शब्द मात्र घालू नका हं, आणखी गोंधळ होईल.

सुदामानगरवाला
भाऊ एवढा विचार कशाला, हे तर सरळ कडानेचं गणित आहे, मागची बेरीज शून्याच्या खाली गेली की टाकून द्यायची आणि नवी सुरू करायची. तुमच्या ओळीवर करून बघितलं, 6 च येतंय. दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारं डेक-बिक काही लागत नाही.

तुकोगंजकर
सुदामानगरवाले दादा, "मागची बेरीज शून्याखाली गेली की टाका" हे बरोबर आहे आणि ते इथेही लागतंच, पण कडानेमधे आकडे लागोपाठचे असतात, म्हणजे तो k = 1 चा प्रकार झाला. या ओळीवर उत्तर योगायोगाने जुळलं. 5, -9, 5 घ्या आणि k = 2 ठेवा, कडाने 5 सांगेल, खरं उत्तर 10, कारण -9 वरून उडी मारता येते.

आता रामबागकर काका, तुमच्या शब्दाबद्दल. "पाऊल" वाईट नाही, पण मुलं पाऊल मोजत नाहीत, सुटलेले आकडे मोजतात. मी "जागांच्या क्रमांकांतला फरक k पेक्षा जास्त नको" असं लिहितो, म्हणजे `j - i <= k`. क्रमांक 0 पासून धरले तर 2 हा 1 नंबरवर आणि 6 हा 4 नंबरवर, फरक 3, k = 2 मधे ही उडी बसतच नाही. "मधे k सोडता येतात" असं वाचलं की k नकळत 3 होतो आणि 8 येतं.

पण मला वाटतं तुमच्या सगळ्या आठवाल्यांनी शब्दच चुकीचा वाचला असेल असं नाही, एखाद्याचा कोडही चुकला असेल, कारण डेकमधे एक ओळ खाली सरकली की नेमकं हेच 8 येतं. मी असं लिहितो:

```python
from collections import deque

def best(a, k):
    dp, dq = a[:], deque()
    for i in range(len(a)):
        if dq and dq[0] < i - k:
            dq.popleft()
        if dq:
            dp[i] += max(0, dp[dq[0]])
        while dq and dp[dq[-1]] <= dp[i]:
            dq.pop()
        dq.append(i)
    return max(dp)
```

`dp[i]` म्हणजे i वा आकडा शेवटचा उचलला तर मिळणारी सर्वात मोठी बेरीज. डेकमधे बेरजा नाही, जागांचे नंबर ठेवायचे, नाहीतर कोण जुना झाला ते कळणारच नाही. पुढच्या तोंडाला नेहमी सगळ्यात मोठ्या बेरजेवाला असतो, आणि नवा आला की मागून त्याच्यापेक्षा कमी किंवा बरोबरीचे सगळे काढून टाकायचे, कारण नवा त्यांच्यापेक्षा जास्त वेळ टिकणार आहे आणि बेरजेतही कमी नाही, मग जुन्यांची पाळी कधीच येणार नाही.

तुमच्या ओळीवर चालवा. 0 ची बेरीज -4. 1 वर आलो, मागचे -4 घेण्यात अर्थ नाही, बेरीज 2, आणि 0 मागून बाहेर. 2 वर -3 + 2 = -1, डेकमधे 1, 2. 3 वर पण -1, बरोबरीचा 2 बाहेर, डेकमधे 1, 3. आता 4 वर मजा आहे: `i - k` आहे 2 आणि पुढे उभा आहे 1, तो जुना झाला, आधी त्याला काढायचा, मग 3 उरतो, त्याची बेरीज -1, ती टाकून द्यायची, म्हणून 6. शेवटच्याला 5. सगळ्यात मोठी 6.
जर कुणी ही काढायची ओळ फेरीच्या शेवटी नेली आणि अट तीच ठेवली तर 4 वर पोचताना 1 अजून आतच असतो, 6 + 2 = 8. शेवटीच काढायचं असेल तर अट `dq[0] <= i - k` करावी लागते. तेव्हा मुलांची वही आणि कोड दोन्ही बघा, उत्तर एकच असलं तरी कारणं दोन असू शकतात.

रामबागकर
बघितलं. तिघांनी मधले मोजले होते आणि एकीचा कोड तुम्ही म्हणता तसाच होता, अर्थ तिने बरोबर लावला होता! "क्रमांकांतला फरक" हेच लिहितो आता. अजून एक, एक मुलगा 0 म्हणत होता, ते कुठून आलं असेल?

तुकोगंजकर
त्याने पहिल्या आकड्यापासून सुरू करून शेवटच्यावर पोचायचंच असं धरलं असणार, ते वेगळं गणित आहे. तिथे `max(0, ...)` काढून नुसतं `dp[dq[0]]` जोडायचं आणि `max(dp)` ऐवजी `dp[-1]` द्यायचं. तुमच्या ओळीवर बेरजा -4, -2, -5, -5, 1, 0 अशा येतात, म्हणून 0. "उचला" आणि "पोचा" ही दोन क्रियापदं अजिबात मिसळू देऊ नका, माझ्या मते पावलापेक्षा जास्त घोळ इथेच होतो.

सुदामानगरवाला
5, -9, 5 वालं पटलं. पण मग डेकच कशाला, मागचे k बघून मोठा घ्यायचा, दोन लूपमधे काम होतं ना?

तुकोगंजकर
होतं, उत्तरही बरोबर येतं. k दोन-चार असेल तर बिनधास्त तसंच लिहा. पण आकडे एक लाख आणि k पन्नास हजार असेल तर तुलना अब्जांच्या घरात जातात. डेकमधे प्रत्येक नंबर एकदाच आत येतो आणि फार तर एकदाच बाहेर जातो, आतली `while` बघून लोकांना हळू वाटतं पण पूर्ण ओळीत मिळून ती एक लाखापेक्षा जास्त वेळा काढूच शकत नाही.

पलासिया_ताई
मला कोड कळला नाही पण डेकला मराठीत काय म्हणता तुम्ही? दुतोंडी रांग?

रामबागकर
मी डेकच म्हणतो ताई. "दुतोंडी" म्हटलं की मुलांना मांडूळ आठवतो.

तुकोगंजकर
मला दुतोंडी आवडला खरं तर, दोन्ही तोंडांनी काढता येतं हे लगेच कळतं. पण "रांग" नको, रांगेत मागून कुणाला हाकलत नाहीत. दुसरा शब्द कुणाकडे असेल तर सांगा.