प्रतिसाद: दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय नाही

> निरोपाच्या भाषणात कुणी कामाचं काही सांगितलंय का? आठवत असेल तर लिहा.

हो, आमच्या वेर्ण्याच्या प्रयोगशाळेतले सर गेल्या महिन्यात निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी एकाच ठोकळ्याची गोष्ट सांगितली. १०० मि.मी.चा पोलादी गेज ब्लॉक, म्हणजे लांबी पडताळायचा अचूक मापाचा ठोकळा, तपासणीला आला होता. नव्या मुलाने तो हातात धरून नीट पुसला आणि लगेच दोन ठोकळ्यांच्या लांबीतला फरक दाखवणाऱ्या कंपॅरेटरवर ठेवला. संदर्भ ब्लॉकपेक्षा तो साडेतीन मायक्रॉन मोठा दिसला. मुलगा यंत्राचं शून्य सरकवायला निघाला, सरांनी त्याचा हात धरला.

लांबीचं मोजमाप २० अंश सेल्सिअसला धरतात. पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे १०० मि.मी.ला १.१५. हाताच्या उबेने ब्लॉक तीन अंश तापला की झाले साडेतीन. दोन्ही ब्लॉक शेजारी शेजारी प्लेटवर दोन तास ठेवले, चिमट्याने उचलून पुन्हा मोजले, तर फरक जवळजवळ गेला होता. शून्य सरकवलं असतं तर त्यानंतरचा प्रत्येक ब्लॉक चुकला असता.

त्या दिवसापासून आमच्याकडे कामाच्या आधी आणि नंतर एक ठरलेला ब्लॉक मोजतात. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर मधलं सगळं काम पुन्हा. त्या मुलाचं पहिलं वाचनही वहीत आहे, एका रेघेने खोडलेलं, पण वाचता येणारं, शेजारी वेळ आणि तापमान. सरांनी ते पान सभेत उघडून दाखवलं. मला ते फार भावलं, कारण तो मुलगा म्हणजे मीच.