'प्रमाणीकरण' म्हणावं का 'माप लावणं'?

पांदणवाट: लातूरच्या पोरांसाठी मशीन लर्निंगची मराठी टिपणं लिहायलोय. सोयाबीनच्या ओलीवरून भाव सांगणारं साधं मॉडेल. 'स्टँडर्डाइझ'ला 'प्रमाणीकरण' लिहिलं तर एक पोरगं विचारतंय, प्रमाणित बियाण्यासारखं का सर? `fit` अन् `transform` ला तर दोन वेगळे शब्द पाहिजेतच, गफलत तिथंच होते.

आक्का_परभणी: प्रमाणीकरणाचं नावच नका काढू. अनुदानासाठी तीन चकरा झाल्या, मशीनवर अंगठाच उठत नाही माझा. काय उपाय?

जुना_मोंढा: आक्का, ते आधारचं, हे वेगळं. पण यात गफलत कामून व्हावी? सगळ्या डेटाची सरासरी वजा करायची, विचलनाने भागायचं, मग ट्रेन-टेस्ट वाटणी. आम्ही तसंच करतो, आकडे काही हलत नाहीत.

रेघोटी: डेटा भरपूर अन् वाटणी सरमिसळ असेल तर फारसे हलत नाहीत, तेवढं खरं. पण टेस्टमधी पुढच्या हंगामाचा माल असला तर त्याची सरासरी आधीच आत शिरते अन् निकाल उगाच चांगला दिसतो. खरा घोळ नंतर होतो. आमच्या पोरानं ट्रेनिंगमधी सरासरी ओल १२ अन् विचलन २ धरलं, म्हणजे १८ ओलीचा माल मॉडेलला +३ दिसायचा. मग ॲपमधी त्यानं नव्या मालावर परत `fit_transform` लावलं. पावसाच्या आठवड्यात सरासरी १७, विचलन १, तर तोच माल +१ झाला, अन् १७ वाला भिजका माल शून्यावर, म्हणजे मॉडेलच्या लेखी १२ चा, कोरडा! एकेकच नमुना टाकला तर त्याची सरासरी तो स्वतःच, उत्तर कायम शून्य, सगळ्यांना एकच भाव. एरर काहीच येत नाही. त्या एकाच भावावरून आम्हाला कळलं.

```
scaler.fit(X_train)
scaler.transform(X_new)
```

हा `scaler` मॉडेलसोबतच सेव्ह करायचा, तोच लावायचा.

पांदणवाट: मग `fit` म्हणजे 'माप घेणं', `transform` म्हणजे 'माप लावणं'?

शब्दकण: छान, पण प्रमाण तरी काय, 'मा' धातूच, मोजणे. माप पण त्याच्यातलंच. घरचा शब्द असताना फारकत कशाला?

जुना_मोंढा: धातू राहू द्या, शिंपी माप घेतो ते गिऱ्हाइकाचं, दर गिऱ्हाइकाला नवं! इथं तर नव्या गिऱ्हाइकाचं घ्यायचंच नाही म्हणताव. पायली म्हणा. मोंढ्यात पायली एकच, माल कुणाचाही असो.

शब्दकण: एकच? आमच्या गावची पायली अन् शेजारच्या गावची कधी जुळली नाही.

रेघोटी: तेच तर म्हणलं मी, दोन गावच्या पायल्या.

जुना_मोंढा: आमच्याकडं जुळायची. अधोली तपासून घ्या तुमची.

आक्का_परभणी: अंगठ्याचं कुणी बोलंना.