शब्दचर्चा: 'शॉक्ड क्वार्ट्झ'ला मराठीत काय म्हणावे?

चिंचपान
मुलांच्या मासिकासाठी लोणारवर लेख लिहिते आहे आणि एका वाक्यापाशी दोन दिवस अडले आहे. अशनी आदळून झालेलं विवर आणि ज्वालामुखीचं विवर यांतला फरक शॉक्ड क्वार्ट्झवरून, म्हणजे प्रचंड दाबाच्या धक्क्याची खूण उरलेल्या गारगोटीवरून, कळतो, एवढंच मला मराठीत लिहायचं आहे. 'धक्का बसलेली गारगोटी' लिहून पाहिलं, पण मराठीत धक्का बसतो तो माणसाला, आणि तोही बहुधा बातमीचा. 'आघातित' हा शब्द सातवीतल्या मुलाला आपला वाटणार नाही. तुम्ही काय लिहाल?

मोडीवाला
आधी 'विवर' पाहू. विवर म्हणजे भोक, बीळ, पोकळी. ते कोणी पाडलं हे तो शब्द सांगत नाही, म्हणून 'आघात-विवर' आणि 'ज्वालामुखी-विवर' असे दोन शब्द करावे लागतात. तसंच, आकाशात चमकून जाते ती उल्का आणि जमिनीवर पोचतो तो अशनी. लोणारला 'उल्कापात' म्हणतात ते बरोबर नाही, अशनिपात म्हणा.

तुमच्या शब्दासाठी मी 'आघाती स्फटिक' सुचवतो. लोणारमध्ये हे स्फटिक सापडले म्हणूनच ते अशनिपाताचं विवर ठरलं, त्यामुळे लेखात हा शब्द ठळकपणे यायला हवा.

खडकफोड्या
मोडीवाला, विवराबद्दल आणि अशनीबद्दल तुम्ही नेमकं लिहिलंत. लोणारबद्दल मात्र दुरुस्ती करतो, कारण ही चूक छापली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. लोणारचा निकाल क्वार्ट्झने लागलेला नाही. ते विवर बेसॉल्टमध्ये आहे, आपल्या नेहमीच्या काळ्या दगडात, आणि त्या दगडाच्या घडणीत क्वार्ट्झ जवळजवळ नसतोच. ज्याच्यावर धक्क्याची खूण उमटायची ते खनिजच तिथे नाही.

तिथे साक्ष दिली ती बेसॉल्टमधल्याच प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाने. तळ्याच्या बुडाखाली बोअर घेतले, खालून चुरा होऊन पुन्हा चिकटलेला दगड वर आला आणि त्यात मास्केलिनाइट सापडलं. फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी ते 1973 साली 'सायन्स'मध्ये छापलं. हे नाव पडलं होतं एका अशनीतल्या पदार्थाला: 1865 साली बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या अशनीत 1872 साली खनिजशास्त्रज्ञ चेर्माकने तो पहिल्यांदा ओळखला.

चिंचपान
काका, मग माझं वाक्यच बदलायला हवं. पण मास्केलिनाइट म्हणजे शेवटी काचच ना? ज्वालामुखीतही काच होतेच की.

खडकफोड्या
ताई, खरी गोम तिथेच आहे.

बेसॉल्टचा काप घासून 0.03 मिलिमीटर जाडीचा करतात, म्हणजे उजेड त्यातून पार जातो. सूक्ष्मदर्शकाचे दोन पोलरायझर काटकोनात ठेवून पाहिलं की साध्या बेसॉल्टमधले फेल्डस्पार लांबट काड्यांसारखे दिसतात आणि प्रत्येक काडीवर काळे-पांढरे पट्टे असतात. काप गोल फिरवला की काळा पट्टा पांढरा होतो, पांढरा काळा होतो. लोणारचा मार खाल्लेला दगड तसाच ठेवला की काडीचा आकार जागेवर, कडा धारदार, शेजारचं पायरॉक्सिन हे खनिजही जागेवर. पण काडी काळी, आणि कितीही फिरवा, काळीच राहते. आतली अणूंची रांग मोडली आणि बाहेरचा आकार तसाच राहिला. ती वितळलीच नाही. वितळली असती तर ओघळली असती, बुडबुडे धरले असते, कडा गोल झाल्या असत्या. ज्वालामुखीची काच वितळून झालेली असते. ती काड्यांच्या मधल्या फटी भरते, काडीची जागा घेत नाही.

असं व्हायला साधारण तीन लाख वातावरणांइतका दाब लागतो, आणि तो क्षणात येऊन क्षणात जावा लागतो. अगदी जोरकस उद्रेकातही दाब काही हजार वातावरणांच्या पुढे सहसा जात नाही. दोघांमधली दरी एवढी मोठी आहे, म्हणून या खुणेवर विसंबता येतं.

फसगत मात्र होते. घासताना खनिजाचा कण उपटून निघाला तर ती रिकामी जागाही काळीच दिसते. पोकळीत भरलेलं ॲनल्साइम हे खनिजही काळंच राहतं. म्हणून एक पोलरायझर काढून साध्या उजेडात पाहायचं, आणि शंका उरली तर रामन वर्णपट घ्यायचा. स्फटिक असेल तर टोकदार शिखरं येतात, मास्केलिनाइटला रुंद उंचवटे येतात.

पूर्णाकाठ
नमस्कार. विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या शेतात विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळीत गारगोट्या निघाल्या. एक मुठीएवढी आहे, सहा बाजूंची, टोकदार. तिच्या बाजूंवर आडव्या बारीक रेघा आहेत, नखाला लागतात. आमचं गाव जालना जिल्ह्यात, लोणारपासून फार लांब नाही. या रेघा त्या धक्क्याच्या असतील का? सुरुंग लावला होता, त्याच्या तर नसतील?

खडकफोड्या
पूर्णाकाठ भाऊ, तुमची गारगोटी जपून ठेवा, पण त्या रेघा धक्क्याच्या नाहीत. लाव्हा थंड झाल्यावर त्यातल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये गरम पाणी फिरलं आणि त्यातून ही गारगोटी हळूहळू वाढली. आडव्या रेघा त्या वाढीच्या आहेत, आणि त्या फक्त पृष्ठभागावर असतात.

धक्क्याच्या रेघा आतून जातात आणि त्या मुळात रेघा नसतातच. ती काचेची अतिशय पातळ पानं असतात, कणाच्या आरपार गेलेली. दोन पानांमधलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचं, दोन ते दहाच्या आसपास. नखाला लागेल किंवा डोळ्यांना दिसेल अशी ती खूणच नव्हे. सुरुंगाने गारगोटी तडकते, चुरा होते. पण विहिरीच्या सुरुंगाचा दाब या कामाला फार अपुरा. तशी पानं उमटायला निदान लाखभर वातावरणांचा दाब हवा.

पूर्णाकाठ
कळलं. पण मग पोकळीतली गारगोटी विवराच्या अगदी काठावरची असेल तर? तिला तर मार बसलाच असेल ना?

खडकफोड्या
प्रश्न उत्तम आहे. पोकळीत भरलेला क्वार्ट्झ अशनीच्या आधीपासून तिथे असेल तर धक्का त्यालाही बसणार. पण काठावरचे थर बहुतेक वर उचलले गेलेत आणि बाहेरच्या बाजूला कललेत, त्यांच्यापर्यंत तेवढा दाब पोचलेलाच नसतो. अशनी आदळला त्या जागेपासून दूर जाताना दाब झपाट्याने उतरतो. म्हणून काठावरच्या दगडात खूण मिळाली नाही म्हणून निकाल उलटत नाही.

नेकारतीर
मी जर्मनीत राहते. इथून दोन तासांवर नोर्डलिंगेन नावाचं गाव आहे, सबंध गाव एका विवरात वसलेलं. विवराचा व्यास सुमारे 24 किलोमीटर. तिथल्या चर्चचा मनोरा ज्या करड्या दगडाचा आहे त्याला कित्येक वर्षं ज्वालामुखीचा दगड समजत होते. मी हात लावून पाहिलाय: करड्या खरबरीत दगडात काळ्या काचेचे चपटे गोळे रुतलेले दिसतात. कोणीही ज्वालामुखीच म्हणेल. मग 1960 मध्ये शूमेकर आणि चाओ या भूवैज्ञानिकांना त्यात कोएसाइट, म्हणजे क्वार्ट्झचं प्रचंड दाबाखाली होणारं रूप, मिळालं आणि सगळं फिरलं.

शब्दाबद्दल: इथे आघात आणि धक्का यांना दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत आपण दोन्हींना 'आघात' म्हणतोय, तिथे घोळ होत नाही का?

खडकफोड्या
होतो! हेच मला सांगायचं होतं. आघात म्हणजे आदळणं, ती घटना. धक्का म्हणजे त्यातून दगडातून धावणारी दाबाची लहर. नेवाडातल्या जमिनीखालच्या अणुचाचण्यांच्या जागीही क्वार्ट्झमध्ये अशीच पानं सापडली, आणि तिथे काही आदळलेलं नव्हतं. त्याला 'आघाती स्फटिक' म्हटलं तर अर्थ चुकेल. शिवाय स्फटिक म्हणजे कुठलंही क्रिस्टल, नुसता क्वार्ट्झ नव्हे.

मोडीवाला
मान्य. मग 'प्रघात' घ्यावा का? प्र अधिक घात, जोराचा मारा. ऐकायलाही चांगला आहे.

चिंचपान
पण मोडीवाला, मराठीत प्रघात म्हणजे रूढी. 'आमच्याकडे तसा प्रघात आहे' हे वाक्य घराघरात आहे. 'प्रघाती क्वार्ट्झ' वाचून मुलं रूढीच्या दिशेने जातील.

मोडीवाला
हो, तो अर्थ पक्का रुजलेला आहे. मागे घेतो. 'धक्कालहर' चालेल का? लहरीला नाव आहे म्हटल्यावर खनिजाला 'धक्कांकित' म्हणता येईल, म्हणजे ज्यावर धक्क्याचा ठसा आहे ते. रेखांकित, मुद्रांकित तसा.

खडकफोड्या
धक्कांकित क्वार्ट्झ. मला आवडला, आणि फेल्डस्पारलाही लावता येतो. 'अंकित' म्हणजे खूण उरलेला, आणि आपण पाहतो ती खूणच. एकच भीती: 'अंकित' म्हटलं की लोकांना डोळ्यांनी दिसणारी खूण वाटेल, पूर्णाकाठ भाऊंच्या गारगोटीवरच्या रेघांसारखी.

खूण ओळखण्याबद्दल लेखात एक ओळ तरी टाका. पर्वत उचलले जाताना हळूहळू दबलेल्या क्वार्ट्झमध्येही पट्ट्या दिसतात. पण त्या जाड असतात, किंचित वाकलेल्या असतात आणि बहुधा एकाच दिशेच्या. धक्क्याची पानं सरळ असतात, एकाच कणात दोन-तीन दिशांची असतात आणि स्फटिकाच्या मुख्य अक्षाशी त्यांच्यावरच्या लंबांचे कोन ठरलेले असतात, काही 23 अंशांजवळ तर काही 32 अंशांजवळ. कोन न मोजता नुसत्या फोटोवरून 'सापडला' म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. क्वार्ट्झचं उदाहरण हवं असेल तर मध्य प्रदेशातलं ढालाचं आघात-विवर घ्या. तिथे ग्रॅनाइट आहे, म्हणजे क्वार्ट्झ भरपूर, आणि खूण त्यातच मिळाली.

नेकारतीर
मला 'मार खाल्लेला क्वार्ट्झ' जास्त जवळचा वाटतो. काका, तुम्ही स्वतःही वर 'मार खाल्लेला दगड' असंच लिहिलंत.

खडकफोड्या
लिहिलं खरं. कट्ट्यावर बोलताना मी तेच म्हणतो. छापील मजकुरात मात्र मार किती, कशाचा, हे सुटतं. हातोडीने फोडलेल्या दगडानेही मारच खाल्लेला असतो.

चिंचपान
माझं वाक्य आता असं झालंय: "लोणारच्या खोल बोअरमधल्या दगडात फेल्डस्पारच्या काड्यांचा आकार तसाच राहिला, पण आतून त्यांची काच झाली. वितळल्याशिवाय अशी काच धक्कालहरीनेच होते, ज्वालामुखीने नाही." 'धक्कांकित' हा शब्द चौकटीत, ढालाच्या क्वार्ट्झबरोबर देईन.

आता एक राहिलं. लोणारच्या उत्तरेला जे लहान अंबर तळं आहे, ते त्याच अशनीच्या तुकड्याने झालं असं सगळीकडे वाचलं. त्यालाही 'आघात-विवर' लिहू का?

खडकफोड्या
लिहू नका. जवळ आहे आणि गोल आहे, एवढ्यावर ते म्हटलं जातं. तिथे धक्क्याची पक्की खूण मिळालेली नाही. नुसतं 'खळगा' म्हणा.

पूर्णाकाठ
आमच्याकडचे जुने लोक त्याला तळंच म्हणतात. ते कशाने झालं हे त्या शब्दात येत नाही, मग तोच ठेवला तर?