फिट आल्यावर काय करायचं? घरच्यांसाठी एक पानी कागद बनवतेय, तपासून द्याल का?

पारिजात:

माझ्या मोठ्या भावाला बारा वर्षांपासून आकडीचा त्रास आहे. गोळ्या चालू आहेत. एरवी सहा-आठ महिन्यांत एखादी फिट येते, पण गणपतीत जागरणं झाली, दोन वेळची गोळी चुकली आणि पूजेच्या दिवशी सकाळी ओटीवरच आली. मी पुण्यात असते. घरी आई, वहिनी, काका आणि तेरा वर्षांचा भाचा. गाव संगमेश्वर तालुक्यात, आत. रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं तरी लागतात.

त्या दिवशी काकांनी दातखीळ सोडवायला चमचा घातला, दादाच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. शेजारच्या आजी कांदा फोडून नाकाशी धरून बसल्या. आईने शुद्ध येतेय असं वाटल्याबरोबर पाणी पाजलं, त्याला जोरात ठसका लागला. सगळे म्हणत होते, "पंधरा मिनिटं चालली." भाच्याने घाबरून मोबाईल चालू केला होता, त्यातली झटक्यांची वेळ एक मिनिट पन्नास सेकंद निघाली!

म्हणून फ्रिजवर चिकटवायला हे लिहिलंय:

१. घाबरू नका. घड्याळ बघा.
२. हात-पाय घट्ट धरून ठेवा म्हणजे लागणार नाही.
३. तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल, किल्ल्या नकोत.
४. डोक्याखाली उशी द्या.
५. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ ला फोन करा.
६. थांबल्यावर पाणी द्या, झोपू देऊ नका.

यात काय चुकतंय? आणि आमच्यासारख्या लांबच्या गावात पाच मिनिटं थांबायचं का?

बापू_सातारकर:

तिसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर. चमचा नकोच, पण स्वच्छ रुमालाची घडी दातांमध्ये दिली तर जीभ चावली जात नाही. आमच्या गल्लीत एकाला असंच वाचवलं. नाहीतर जीभ घशात जाऊन गुदमरतो माणूस.

वॉर्ड_नं_७:

बापू, रुमालसुद्धा नको. जीभ मुळाशी जोडलेली असते, ती गिळली जात नाही. चावली जाते हे खरं, पण ती बहुतेक वेळा पहिल्या क्षणातच, अंग ताठ होताना. तुम्ही रुमाल आणेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. जिभेची जखम भरते. घशात अडकलेला रुमाल किंवा तुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर ते निस्तरणं अवघड. मी न्यूरोच्या वॉर्डात अकरा वर्षं नर्स होते, तुटलेले दात घेऊन आलेले पेशंट बरेच पाहिले. बोटं चावून घेतलेले नातेवाईकही.

पारिजात, तुमचा दुसरा आणि सहावा मुद्दा खोडा. आवळून धरलं की झटके थांबत नाहीत, उलट खांदा निखळतो. धरण्याऐवजी आजूबाजूचं हलवा: पाट, समई, खुर्ची. डोक्याखाली जाड उशी नको, मान पुढे वाकते. टॉवेलची चपटी घडी पुरे. शर्टाचं वरचं बटण सोडा, चष्मा काढा.

झटके ओसरले की लगेच कुशीवर वळवा. वरचा गुडघा वाकवून जमिनीला टेकवा म्हणजे अंग पालथं पडणार नाही, आणि तोंड किंचित खाली, म्हणजे लाळ-फेस बाहेर येतो. हे कागदावर नव्हतंच, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच. झटके चालू असतानाही सहज जमलं तर वळवा, झटापट करू नका.

मग तो घोरेल, कपडे ओले झालेले असतील, काका-आई ओळखू येणार नाहीत. ही थकव्याची झोप आहे, झोपू द्या, पण शेजारी कोणीतरी बसा. पाणी तेव्हाच, जेव्हा तो स्वतः उठून बसेल आणि "आज वार कोणता?" याचं नीट उत्तर देईल.

कुहू:

माझ्या दोन वर्षांच्या मुलीला तापात असं झालं होतं. डॉक्टर म्हणाले गार पाण्याने पुसून काढा. ते पण कागदावर लिहा ना.

वॉर्ड_नं_७:

कुहू, तुमच्या लेकीचं वेगळं, ते तापातले झटके. कुशीवर वळवणं आणि वेळ बघणं तिथेही तसंच. पण तिचा कागद वेगळा, मोठ्या माणसाच्या कागदात मिसळू नका. आणि झटका चालू असताना कोणालाच गार पाण्यात बसवायचं नाही, औषधही पाजायचं नाही.

निखिल_प:

मला स्वतःला फिट येते, म्हणून दोन गोष्टी. एक, वेळ कुठून मोजायची ते लिहा. अंग ताठ होऊन पडलो तिथपासून झटके थांबेपर्यंत. नंतरची झोप धरली तर प्रत्येक वेळी "अर्धा तास फिट" होते आणि डॉक्टरांना चुकीचं सांगितलं जातं. भाच्याने काढलेला व्हिडिओ जपून ठेवा, माझ्या डॉक्टरांना असल्या व्हिडिओवरूनच बरंच कळलं.

दोन, कधीकधी मी पडत नाही. एकटक बघतो, ओठ चाळवतो, शर्टाचं टोक चिवडतो. तेव्हा हाताला धरून ओढलं तर मी झिडकारतो, नंतर आठवतही नाही. विहीर, चूल, रस्ता यांपासून हळूच वळवायचं, बस.

पारिजात:

दादाचंही असं होतं कधीकधी! आम्ही त्याला "तंद्री" म्हणायचो. पण फोन नक्की कधी करायचा?

वॉर्ड_नं_७:

पाच मिनिटांचं कारण असं की बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं झाली तरी चालूच, तर आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि औषध लागतं. पण गाडीलाच चाळीस मिनिटं लागणार असतील तर मी तिसऱ्या मिनिटालाच फोन लावायला सांगेन. थांबली तर नको म्हणून कळवता येतं.

घड्याळ न बघता लगेच फोन कधी: पाण्यात फिट आली, डोकं आपटलं, ओठांचा निळेपणा झटके थांबल्यावरही जात नाही, शुद्ध न येता दुसरी आली. झटके थांबले आणि छाती हलतच नाही, तर फोन आणि छाती दाबणं दोन्ही एकदम सुरू करायचं. गरोदर बाई असेल, मधुमेही असेल किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल तरीही फोन. अर्ध्या तासानंतरही हाकेला ओ नाही, तरी करा.

फोनवर गावाच्या आधी खूण सांगा, श्वास चालू आहे का ते सांगा, आणि भाच्याला बॅटरी देऊन फाट्यावर उभं करा.

बापू_सातारकर:

फोन करून वाट बघण्यापेक्षा सरळ जीपमध्ये टाकून निघावं. चाळीस मिनिटांत आमच्याकडे तालुक्याला पोचून येतो माणूस.

निखिल_प:

झटके चालू असताना जीपमध्ये कुठे झोपवणार? मला तसं नेलं होतं, मागच्या सीटच्या कडेवर डोकं आपटत गेलं. मध्येच श्वास अडकला तर चालवणारा काय करणार?

वॉर्ड_नं_७:

दोघांचं थोडं थोडं बरोबर. गाडी दारात असेल तर १०८ वाल्यांनाच विचारा, निघायचं की थांबायचं, वाटेत गाठता येईल का. निघालात तर मागे कुशीवर, डोक्याशी एक माणूस. याला एकच उत्तर नाही.

त्यापेक्षा पुढच्या तपासणीला डॉक्टरांना नाकात मारायच्या मिडाझोलमच्या फवाऱ्याबद्दल विचारा. लांबच्या लोकांना तो घरी ठेवायला देतात. किती फवारे, हे ते दादाच्या वजनावर ठरवून चिठ्ठीवर लिहून देतील. बाटलीनुसार एका फवाऱ्यातलं औषध कमी-जास्त असतं, म्हणून शेजाऱ्याची बाटली चालत नाही. दिल्यावर श्वास मंदावू शकतो, नजर छातीवर ठेवायची. मनाने दुसरा डोस नाही.

पारिजात:

कागद पुन्हा लिहिला. वर मोठ्या अक्षरात "वेळ लिहा", त्याखाली "कुशीवर वळवा", मग "तीन मिनिटांना १०८". चमचा-कांदा-पाण्यावर लाल फुली मारली, आईला चष्म्याशिवाय दिसेल एवढी. काकांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग धरायचं नाही तर आम्ही हातांनी करायचं काय?" त्यांना टॉवेलची घडी आणि घड्याळ नेमून दिलंय.

फवाऱ्याचं सोमवारी विचारते. तो वहिनीला एकटीला देता येईल का, की दोन माणसं लागतात? कोणी घरी दिलाय का?