मदत हवी आहे: कसला चार्ट काढू?

साहेबांनी एक्सेल शीट पाठवली, सोबत एवढंच: "याचा छानसा चार्ट करून दे." कुणाला दाखवायचाय, त्यातून काय सांगायचंय, काही पत्ता नाही.

एका कॉलमचं नाव 'स्तर', खाली नुसते 1 ते 5 आकडे. मी आपला महिनावार सरासरीचा लाइन चार्ट काढला. 3.1 वरून 3.4. अक्ष 3 पासून घेतला की भरारी दिसते, 1 ते 5 घेतला की जवळपास सपाट! आणि हे आकडे नुसते गटांचे कोड असतील तर सरासरीच निरर्थक. मग प्रत्येक गटात किती नोंदी, याचे बार बरे.

साहेब प्रश्नांना वैतागतात. दोन कच्चे चार्ट पाठवून "यातलं काय म्हणायचंय?" असं विचारू का? तुम्ही अशा वेळी आधी काय विचारता?